नफा २.८० कोटी, पण युनिट भांडवलाचा खर्च भागवतंय का? ईव्हीएचे दोन आकडे आणि दोन्हींतल्या चुका

प्रश्न: बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीचं डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरचं युनिट आहे, मी तिथे अकाउंट्स बघतो. विक्री ४८ कोटी. हेड ऑफिसने लावलेलं १.६० कोटी व्याज वजा जाऊन एमआयएसमध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत अहवालात, करापूर्वीचा नफा २.८० कोटी दिसतो. ३१ मार्चला युनिटमध्ये गुंतलेलं भांडवल २२ कोटी. साहेबांनी युनिटचा ईव्हीए, म्हणजे नफ्यातून भांडवलाचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, काढायला सांगितला. माझ्या हिशेबाने तो अधिक ५४ लाख येतो, बाहेरच्या सल्लागारांच्या हिशेबाने उणे १ कोटी ४८ लाख. दोघांनीही भांडवलाचा दर १२.५ टक्केच धरलाय. मग बरोबर कोण?

उत्तर:

दोघंही नाही. खरा आकडा उणे २८ लाखांच्या आसपास आहे. तुमची चूक भांडवलात आहे, सल्लागारांची नफ्यात. या विषयातल्या बहुतेक चुका याच दोन जागी होतात, म्हणून तुमचाच हिशेब पुन्हा मांडू. विक्री, नफा आणि मार्चचं भांडवल तुम्ही दिलेलंच घेतो. बाकीची फोड मी अशा युनिटला साजेशी धरली आहे, तिथे तुमच्या लेजरमधले आकडे टाका.

सूत्र एका ओळीचं आहे: करानंतरचा कामकाजी नफा वजा (गुंतलेलं भांडवल गुणिले भांडवलाचा दर). भांडवलात पैसा कोणी घातला, बँकेने की मालकाने, याच्याशी यातल्या पहिल्या पदाचा संबंध नाही. त्या पैशाची किंमत दुसऱ्या पदात धरलेली असते, व्याजाचीही आणि मालकाच्या अपेक्षेचीही. म्हणून पहिल्या पदात व्याज शिरलं की ते दोनदा वजा होतं.

सल्लागारांचं नेमकं तेच झालं असावं. २.८० कोटींवर २५.१६८ टक्के कर काढला की २.१० कोटी उरतात, आणि त्यातून भांडवलाचा ३.५७ कोटींचा आकार, म्हणजे २८.६० कोटींच्या सरासरी भांडवलाचे साडेबारा टक्के, वजा केला की उणे १.४८ कोटी. त्यांनी भांडवल बरोबर घेतलं, वर्षाची सरासरी धरली. पण हेड ऑफिसचं १.६० कोटी व्याज आधीच वजा झालेला नफा तसाच उचलला. हेड ऑफिस युनिटला व्याज लावतं ती अंतर्गत नोंद आहे. युनिटच्या लोकांना पैशाची किंमत कळावी म्हणून ती ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण ईव्हीए काढताना ती उलटवावीच लागते.

नफा आणि कर

२.८० मध्ये १.६० परत मिळवले की कामकाजी नफा ४.४० कोटी होतो. यात एक बारकी गोष्ट तपासा. युनिटच्या खात्यावर एफडीचं व्याज जमा असेल, साधारण २० लाख, कारण बँक गॅरंटी आणि एलसीच्या, म्हणजे पुरवठादाराला दिलेल्या बँकेच्या पतपत्राच्या, मार्जिनपोटी ३ कोटींची एफडी अडकलेली आहे. पुस्तकात सरसकट लिहिलेलं असतं की व्याजाचं उत्पन्न कामकाजाचं नसतं, ते बाहेर काढा. इथे मी काढणार नाही. ही एफडी कोणी हौसेने केलेली नाही. गॅरंटीशिवाय वीज कंपन्यांचं टेंडर भरता येत नाही, म्हणजे ती धंद्याचाच भाग आहे, जसा गोदामातला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा सीआरजीओ स्टील. म्हणून तिचं व्याज नफ्यात ठेवा आणि ते ३ कोटी भांडवलातही धरा. व्याज आत आणि एफडी बाहेर, किंवा त्याच्या उलट, असं मात्र कधी करू नका. हेड ऑफिसकडची जादा रोकड ठेवलेली एफडी असेल तर ती आणि तिचं व्याज दोन्ही युनिटच्या बाहेर.

आता कर. तो ४.४० कोटींवर काढायचा. कंपनीने सवलती सोडून २२ टक्क्यांचा दर स्वीकारला असेल तर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के सेस धरून तो २५.१६८ टक्के होतो. ४.४० वर १.११ कोटी. उरले ३.२९ कोटी. बरेच जण इथे २.८० वरचा कर, म्हणजे ७० लाख, वजा करतात आणि म्हणतात, 'प्रत्यक्षात एवढाच तर भरला.' खरं आहे, पण व्याजामुळे जो कर वाचला तो भांडवलाच्या दरात धरलेला आहे, कारण तिथे कर्जाचा दर कर वजा जाता घेतो. नफ्याच्या बाजूलाही घेतला तर एकच बचत दोनदा मोजली जाते.

तुमची कंपनी त्या पर्यायात नसेल तर दर बदलेल. उलाढालीच्या मर्यादेत बसणाऱ्या आणि २५ टक्के मूळ दर लागणाऱ्या कंपनीचं उत्पन्न १ कोटीच्या वर पण १० कोटींपर्यंत असेल तर ७ टक्के अधिभार आणि सेस धरून २७.८२ टक्के होतात. अधिभाराचा टप्पा बघताना युनिटचं नाही, पूर्ण कंपनीचं उत्पन्न बघायचं. युनिट कंपनीत आहे, रिटर्न कंपनीचं भरलं जातं. याच कारणाने एखाद्या वर्षी युनिट तोट्यात गेलं आणि कंपनी नफ्यात असली तर तोट्यावरचा कर युनिटला जमा द्यायचा, शून्य धरायचा नाही.

भांडवल: ३१ मार्चचा फोटो

तुमचा ५४ लाखांचा आकडा इथे तयार झाला. ३.२९ मधून २२ कोटींचे साडेबारा टक्के, म्हणजे २.७५ कोटी वजा केले की ०.५४ कोटी. गणित बरोबर आहे, पण २२ कोटी हे एका दिवसाचं भांडवल आहे, आणि तो दिवस वर्षातला सगळ्यात सजवलेला दिवस. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात वसुलीला माणसं पाठवलेली असतात, तांब्याची आणि स्टीलची खरेदी 'एप्रिलमध्ये बघू' म्हणून थांबवलेली असते, तयार माल जमेल तेवढा बाहेर काढलेला असतो आणि पुरवठादारांना 'वर्षअखेर आहे, थोडं थांबा' सांगितलेलं असतं. नफा मात्र बारा महिन्यांचा घेतलेला. बारा महिन्यांच्या नफ्यासमोर बारा महिने अडकलेलं भांडवलच ठेवावं लागतं.

मागच्या ३१ मार्चपासून या ३१ मार्चपर्यंत महिनाअखेरचे तेरा आकडे काढा आणि त्यांची सरासरी घ्या. अशा युनिटमध्ये चित्र साधारण असं निघतं (कोटी रुपयांत):

| बाब | ३१ मार्च | वर्षाची सरासरी |
|---|---|---|
| स्थिर मालमत्ता, घसारा वजा जाता | ९.२० | ९.४० |
| मालसाठा | ६.४० | ९.३० |
| येणी, रिटेन्शनसह | ११.९० | १४.२० |
| मार्जिनची एफडी | ३.०० | ३.०० |
| जीएसटी क्रेडिट, आगाऊ खर्च | ०.७० | ०.९० |
| वजा: पुरवठादारांची देणी | ७.६० | ६.७० |
| वजा: ग्राहकांचे अॅडव्हान्स | ०.९० | ०.८० |
| वजा: पगार व इतर देणं | ०.७० | ०.७० |
| गुंतलेलं भांडवल | २२.०० | २८.६० |

स्थिर मालमत्तेत फारसा फरक नाही. साडेसहा कोटींचा जवळजवळ सगळा फरक मालसाठा, येणी आणि देणी यांतून आला आहे. २८.६० कोटींचे साडेबारा टक्के ३.५७ कोटी, आणि ३.२९ मधून ते गेले की उणे २८ लाख. दुसऱ्या वाटेनेही पडताळा: ३.२९ भागिले २८.६० म्हणजे भांडवलावर साडेअकरा टक्के परतावा. दर साडेबारा. एक टक्का कमी पडला, आणि २८.६० कोटींचा एक टक्का म्हणजे तेच २८ लाख.

महिनाअखेरचे आकडे कुठून आणायचे हा व्यवहारातला प्रश्न. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, असेल तर बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट जातं, ते हाताशी असतं, म्हणून लोक तेच उचलतात. तिथे सावध राहा. ते ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, काढण्यासाठी बनवलेलं असतं. ठरलेल्या मुदतीपेक्षा, बहुतेक ठिकाणी ९० दिवसांपेक्षा, जुनी येणी त्यात धरलेली नसतात आणि रिटेन्शन, म्हणजे बिलाचा जो भाग गॅरंटीची मुदत संपेपर्यंत ग्राहक धरून ठेवतो, ते तर नसतंच. बँकेला जे येणं तारण म्हणून चालत नाही त्यातही तुमचा पैसा अडकलेलाच आहे. मालसाठ्यासाठी स्टेटमेंट वापरा, येण्यांसाठी टॅलीतून महिनाअखेरची ग्राहकवार बाकी काढा. महिनाअखेरही सजवलेली असेल, म्हणजे दर महिन्याच्या २८ ते ३० तारखेला जोराची वसुली येत असेल, तर १५ तारखेचे आकडेही काढून बघा. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर सरासरी पंधरवड्याची घ्या.

देण्यांच्या बाजूला एक प्रश्न नेहमी येतो: काय वजा करायचं आणि काय नाही. ज्या देण्यावर वेगळं व्याज लागत नाही ते वजा करायचं, कारण त्याची किंमत मालाच्या भावात येऊन गेलेली असते आणि नफ्यातून ती आधीच कापली गेली आहे. बँकेने एलसीची हुंडी वटवून पुरवठादाराला पैसे दिले आणि मुदतीचं व्याज आपण भरतो, तर ते पुरवठादाराचं देणं राहिलं नाही, ते कर्ज झालं. टॅलीमध्ये ते बऱ्याचदा क्रेडिटरच्याच ग्रुपमध्ये पडून राहतं. ते बाहेर काढलं नाही तर भांडवल फुकटात कमी दिसतं. त्यावरचं व्याज 'बँक चार्जेस'मध्ये टाकलेलं असेल तर तेही शोधून नफ्यात परत मिळवा.

आणि क्रेडिटर ताणून भांडवल कमी केल्याचं समाधान मानू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत उलटली आणि वर्षअखेरीस पैसे बाकी राहिले तर तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत कराच्या हिशेबात मिळत नाही. वर एमएसएमई कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज देणं लागतं. मकरपुऱ्यातले तुमचे टाकी, रेडिएटर आणि नटबोल्टवाले बहुतेक याच वर्गात असणार.

साडेबारा टक्के आले कुठून

दोघांनी हा दर धरलात म्हणून त्यावर वाद नाही, पण तो कसा बसतो ते माहीत हवं, कारण साहेब विचारणारच. कर्जाचा दर ९.५ टक्के, कर वजा जाता ७.११. मालकाच्या भांडवलासाठी सरकारी रोख्याचे ७ टक्के, त्यावर शेअर बाजाराची जोखीम ७ टक्के, आणि वीज-उपकरणांचा धंदा बाजारापेक्षा जरा जास्त हलतो म्हणून ती १.२ पट. एकूण १५.४. भांडवलात मालकाचे ६५ आणि कर्जाचे ३५ टक्के धरले तर १०.०१ अधिक २.४९, म्हणजे साडेबारा. हे वजन कंपनी दीर्घकाळ ठेवू पाहते त्या प्रमाणावरून घ्यायचं. आजच्या सीसीच्या बाकीवरून घेतलं तर दर दर महिन्याला बदलेल.

बाजाराची जोखीम ७ टक्के की साडेसहा, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून संवेदनशीलता बघायची. तुमच्या युनिटला दरातला एक टक्का म्हणजे २८.६ लाख. साडेअकरा धरले तर ईव्हीए जवळजवळ शून्य, साडेतेरा धरले तर उणे ५७ लाख. याचा अर्थ, 'युनिट संपत्ती जाळतंय' असं या आकड्यावरून म्हणणं घाईचं ठरेल. ते काठावर आहे, एवढंच म्हणता येतं. पण एकदा ठरवलेला दर निदान तीन वर्षं तसाच ठेवा. दरवर्षी रेपो दराबरोबर तो हलवला तर ईव्हीए युनिटच्या कामामुळे बदलला की दरामुळे, हे कोणालाच कळणार नाही.

एक दर मात्र कधी वापरू नका, तो म्हणजे बँकेचा. 'आपल्याला पैसा साडेनऊनेच तर मिळतो' म्हणून ९.५ टक्के लावले तर आकार २.७२ कोटी होतो आणि ईव्हीए अधिक ५८ लाखांच्या आसपास दिसतो. बँक साडेनऊने देते कारण मालकाची ६५ टक्क्यांची उशी खाली आहे. त्या उशीची किंमत शून्य धरण्यासारखं हे आहे.

हेड ऑफिसचा वाटा

युनिटच्या खर्चात हेड ऑफिसचे १.१० कोटी टाकलेले असतील. त्यातला काही भाग, समजा ५० लाख, खरंच युनिटसाठी आहे: खरेदी विभाग, पगारपत्रक, ईआरपी. उरलेले ६० लाख अलकापुरीतल्या कार्यालयाचं भाडं, संचालकांचा प्रवास, ऑडिट फी, विक्रीच्या प्रमाणात वाटलेलं. हे ६० लाख बाजूला ठेवले तर करानंतर ४५ लाख वाढतात आणि युनिटचा ईव्हीए अधिक १७ लाख होतो.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. युनिट चालू ठेवावं की बंद करावं, किंवा युनिटप्रमुखाचं काम कसं आहे, हे विचारायचं असेल तर अधिक १७ लाख बघा, कारण युनिट बंद केलं तरी ते ६० लाख जाणार नाहीत, फक्त दुसऱ्या युनिटच्या डोक्यावर पडतील. पूर्ण कंपनी भांडवलाचा खर्च भागवते का, हे बघायचं असेल तर उणे २८ लाख. अहवालात दोन्ही ओळी दाखवा, वाटप करण्यापूर्वी आणि वाटप केल्यावर. एकच ओळ दाखवली की पुढच्या बैठकीत वाटपाच्या पद्धतीवरच वाद सुरू होतो, तो वर्षभर संपत नाही.

उणे २८ लाख कुठे भरून निघतील

या हिशेबाचा खरा उपयोग इथे आहे. एमआयएसच्या नफ्यात येण्यांचे दिवस दिसत नाहीत, ईव्हीएमध्ये दिसतात.

आधी एक दुरुस्ती. येणी १४.२० कोटींना ४८ कोटींच्या विक्रीने भागून लोक १०८ दिवस काढतात. येण्यांत १८ टक्के जीएसटी आहे, विक्रीच्या आकड्यात नाही. ४८ कोटींची बिलं जीएसटीसह ५६.६४ कोटींची होतात, त्या हिशेबाने ९१-९२ दिवस. एका दिवसाची बिलं साडेपंधरा लाखांची, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ९४ हजार. येणी एक दिवसाने कमी झाली की ईव्हीए सुमारे १.९४ लाखांनी वाढतो. उणे २८ लाख शून्यावर आणायला साधारण १५ दिवस पुरतात. जीएसटी आपण पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरून मोकळे होतो आणि ग्राहकाकडून तो तीन महिन्यांनी येतो, त्यामुळे करही आपल्याच पैशातून अडकतो. सरकारी टेंडरमध्ये भाव भरणारे हे सहसा धरत नाहीत.

ते १५ दिवस कुठे आहेत? येण्यांत साधारण २.४० कोटी रिटेन्शन असेल. त्या २.४० कोटींचा वर्षाचा आकार ३० लाख. युनिटचा पूर्ण उणे ईव्हीए जवळपास एका रिटेन्शनएवढा आहे. टेंडरच्या अटींत बँक गॅरंटी देऊन रिटेन्शन सोडवून घेण्याची मुभा असेल तर हिशेब असा: गॅरंटीसाठी १० टक्के मार्जिन, म्हणजे २४ लाखांची आणखी एफडी. सुटलेलं निव्वळ भांडवल २.१६ कोटी, त्यावर २७ लाख वाचले. गॅरंटीचं कमिशन दीड टक्का, ३.६० लाख. नव्या एफडीचं व्याज १.६० लाख. निव्वळ खर्च २ लाख, करानंतर दीड. फायदा साडेपंचवीस लाख, आणि ईव्हीए उणे ३ लाखांच्या आत येतो.

यातली मेख गॅरंटीच्या मर्यादेत आहे. बँकेने मंजूर केलेली गॅरंटीची मर्यादा रिटेन्शनसाठी संपली आणि पुढच्या टेंडरला बयाणा गॅरंटी देता आली नाही, तर साडेपंचवीस लाख वाचवून एक ऑर्डर घालवली असं होईल. आधी मर्यादेत जागा किती आहे ते बघा. आणि ज्या रिटेन्शनची मुदत सहा महिन्यांत संपतेय त्यासाठी धडपड करू नका. मुदत संपूनही जे आलेलं नाही त्याचा पाठपुरावा आधी करा. अशा रकमा बहुतेक वेळा पैशामुळे नाही, गॅरंटीकाळातल्या एखाद्या बिघाडाच्या दुरुस्तीचा दाखला न मिळाल्यामुळे अडकलेल्या असतात. तो दाखला सर्व्हिस विभागाकडे असतो, अकाउंट्सला माहीतही नसतं.

मालसाठ्यातही शोधायला जागा आहे, पण तिथे ओढून ताणून कमी करू नका. सरासरी ९.३० कोटींत कच्चा माल, कामात असलेला माल आणि तयार माल वेगळे करून बघा. तयार ट्रान्सफॉर्मर ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची वाट बघत उभे असतील तर तो प्रश्न शॉप फ्लोअरचा नाही, तपासणीची हाक किती आधी दिली याचा आहे.

जुनी मशिनरी आणि जमीन

स्थिर मालमत्ता घसारा वजा करून धरली की एक विचित्र गोष्ट घडते. समजा २ कोटींचा व्हॅक्यूम ड्रायिंग ओव्हन घेतला, १० वर्षांत सरळ रेषेने घसारा. पहिल्या वर्षी सुरुवातीचं मूल्य २ कोटी, आकार २५ लाख. दहाव्या वर्षी सुरुवातीचं मूल्य २० लाख, आकार अडीच लाख. ओव्हन तोच, कॉइल तेवढ्याच सुकवतो, आणि ईव्हीए साडेबावीस लाखांनी सुधारलेला. काहीही न करता. अशा युनिटच्या प्रमुखाला नवा ओव्हन नको असतो. तो घेतला की त्याचा आकडा पहिल्याच वर्षी कोसळतो, जुना भले वीज जास्त खात असो.

यावर सगळ्यांत सोपा इलाज म्हणजे युनिटप्रमुखाला निव्वळ ईव्हीएवर न जोखता ठरलेल्या योजनेच्या तुलनेत जोखणं. नवा ओव्हन मंजूर करतानाच पुढच्या पाच वर्षांचा ईव्हीए मांडा, त्यात पहिली दोन वर्षं खाली जाणार हे दिसू द्या, आणि नंतर त्याच रेषेशी तुलना करा. घसारा उलट क्रमाने, म्हणजे आधी कमी आणि नंतर जास्त, धरण्याची पद्धतही आहे. गणित सुंदर बसतं, पण युनिटमध्ये ती समजावून सांगता सांगता दमछाक होते. बसवायचं चालू असलेलं मशीन सुरू होईपर्यंत युनिटच्या भांडवलात धरू नका, त्या काळाचा आकार मूळ किमतीत जमा करा.

जमिनीचं वेगळं. जीआयडीसीचा प्लॉट ९९ वर्षांच्या लीजवर, बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला, पुस्तकात समजा ३० लाख. आज तो ६ कोटींना हस्तांतरित होऊ शकत असेल तर बाजारभावाने आकार ७५ लाख, पुस्तकी किमतीने पावणेचार लाख. युनिटप्रमुखाला पुस्तकी किंमत लावा, प्लॉटचा भाव वाढला हा त्याचा दोष नाही. पण युनिट इथेच ठेवायचं की बडोद्याजवळच्या पोर किंवा सावली या गावांकडे हलवायचं, हा विचार मालक करत असेल तेव्हा त्याच्या टेबलावर बाजारभावाचा आकडाच हवा. हस्तांतराचे जीआयडीसीचे आकार आणि करही वजा करून.

ईव्हीए हे नाव आणि पद्धत रूढ करणाऱ्या स्टर्न स्ट्यूअर्ट या अमेरिकन सल्लागार फर्मने दीडशेहून जास्त संभाव्य दुरुस्त्यांची यादी केली होती. तुम्हाला त्यातल्या चार-पाच पुरतील. वर सांगितल्या त्यांखेरीज एकच सुचवेन: टाइप टेस्टचा मोठा खर्च. नव्या रेटिंगचा नमुना शॉर्ट सर्किट टेस्टला पाठवला, ती फी आणि नमुन्याची किंमत एकाच वर्षी खर्चात पडली, पण त्या अहवालावर पुढची काही वर्षं टेंडर भरली जातात. अहवाल जितकी वर्षं ग्राह्य असेल तितक्या वर्षांत तो खर्च पसरवा, न संपलेला भाग भांडवलात धरा. नमुना टेस्टमध्ये नापास झाला असेल तर मात्र सगळा त्याच वर्षी खर्च.

पाठवण्यापूर्वीची जुळवणी

३१ मार्चच्या ताळेबंदावर दोन्ही बाजूंनी भांडवल काढा. एका बाजूला सगळ्या युनिटचं भांडवल अधिक हेड ऑफिसची निव्वळ मालमत्ता. दुसऱ्या बाजूला मालकाचा निधी, मुदतकर्जं, सीसी, संचालकांची बिनतारण कर्जं यांची बेरीज, त्यातून गुंतवणुका आणि जादा रोकड वजा. दोन्ही जुळले पाहिजेत, रुपयापर्यंत. जुळेना तर आधी दोन युनिटमधली आपसातली बाकी बघा: टाकीचं युनिट वेगळं असेल तर त्याने पाठवलेला माल ३१ मार्चला वाटेत होता आणि एकाने विक्री धरली, दुसऱ्याने आवक धरलीच नाही, असं हमखास निघतं. त्यानंतर ग्राहकांचे अॅडव्हान्स बघा, ते पैसे हेड ऑफिसच्या खात्यावर येतात आणि तिथेच राहून जातात. तिसरी जागा आगाऊ कर आणि टीडीएस. तो कुठल्याच युनिटचा नाही, हेड ऑफिसमध्येच ठेवा. मार्चची जुळवणी बसली की त्याच ग्रुपिंगने बाकीचे बारा महिने काढा, आणि मगच सरासरी.